गर्भपातानंतर बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते

प्रश्न: मॅडम, माझं वय २७. सात आठवड्यांचा गर्भ होता, ठोके आलेच नाहीत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ४ तारखेला सगळं पडलं. बारा दिवस अंगावरून गेलं, मग थांबलं. पंधरा दिवसांनी सोनोग्राफी झाली, पिशवी स्वच्छ आहे म्हणाले. पण १७व्या दिवशी पुन्हा सुरू झालं, दोन दिवस थोडं लाल, थोडं तपकिरी. ही पाळी धरायची का? आज २४वा दिवस आहे. ओव्ह्युलेशनची पट्टी लावली तर रोज दोन रेषा येतात. परवा आमचा संबंध आला, काही वापरलं नव्हतं. सासूबाई म्हणतात, पाळी आल्याशिवाय दिवस राहत नाहीत. आम्हाला सध्या लगेच मूल नको आहे. काय करू?

उत्तर: आधी घाईचं सांगते, कारण त्याला वेळेची मर्यादा आहे. परवाच्या संबंधातून दिवस राहू शकतात. तुम्हाला सध्या मूल नको असेल तर आजच मेडिकलमधून लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची इमर्जन्सी गोळी आणा आणि घेऊन टाका. ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची असते आणि जितकी लवकर घ्याल तितका तिचा उपयोग जास्त. चिठ्ठी लागत नाही. गावात असाल तर आशाताईंकडेही मिळते. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक घ्यावी लागते. याहून खात्रीचा उपाय म्हणजे पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवून घेणं. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण तुमच्या बाबतीत मला तोच जास्त पटतो.

१७व्या दिवसाचं जे होतं ती पाळी नव्हती. ते असं खात्रीने का म्हणता येतं हे समजलं, की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही त्यातच सापडतील.

गर्भ असताना शरीरात बीटा एचसीजी नावाचं हार्मोन असतं. युरीन टेस्टमध्ये रेष येते ती याचीच. हे हार्मोन भरपूर असेपर्यंत मेंदूकडून अंडाशयाला नवीन बीज तयार करण्याचा निरोप जात नाही. गर्भ पडला की ते उतरायला लागतं, पण एका दिवसात शून्यावर येत नाही, निम्मं निम्मं होत उतरतं. समजा तुमची पातळी त्या दिवशी २०,००० होती. ती ५च्या खाली यायला साधारण बारा वेळा निम्मी व्हावी लागते. सुरुवातीला दिवसा-दीड दिवसात निम्मी होते, शेवटाकडे वेग मंदावतो. म्हणून बऱ्याच जणींना यात दोन ते चार आठवडे जातात, कोणाला सहाही लागतात. घरची साधी टेस्ट २५च्या आसपासची पातळी पकडते, त्यामुळे गर्भ पूर्ण पडून गेल्यावरही दोन-तीन आठवडे ती पॉझिटिव्ह राहू शकते. तेवढ्यावरून काही राहिलंय असं घाबरून जायचं कारण नसतं.

आता मुख्य गोष्ट. बीज वाढायला लागण्यासाठी हे हार्मोन पूर्ण शून्यावर यावं लागत नाही. पुरेसं उतरलं की मेंदूतून एफएसएच हे बीज वाढवणारं हार्मोन वाढतं, अंडाशयात फॉलिकल, म्हणजे बीजाचा फोड, वाढू लागतो आणि बीज सुटतं. गोळ्यांनी लवकरचा गर्भपात झालेल्या स्त्रियांचा रक्त तपासून पाठपुरावा केला गेला, तेव्हा बीज सुटायला सरासरी तीन आठवडे लागल्याचं दिसलं. सर्वात लवकर आठव्या दिवशी सुटलं होतं आणि सर्वात उशिरा ३६व्या दिवशी. पिशवी सक्शनने रिकामी केली तरी किंवा गर्भ आपोआप पडला तरी पहिल्या तीन महिन्यांतलं गणित जवळपास हेच राहतं. गर्भ जितका लहान, तितकं हार्मोन कमी आणि तितकं चक्र लवकर चालू. चौथ्या-पाचव्या महिन्यात पडलेल्या गर्भानंतर मात्र थोडा जास्त वेळ जातो आणि छातीत दूधही येऊ शकतं, पण तो तुमचा विषय नाही.

बीज सुटल्यावर पाळी यायला बारा ते चौदा दिवस लागतात. हा पल्ला फारसा बदलत नाही. चक्र लांबतं किंवा आखूड होतं ते बहुतेक वेळा बीज सुटण्याच्या आधीच्या भागामुळे. तुम्हीच उलटं मोजून बघा. १७व्या दिवशी आलेली खरी पाळी असती तर बीज चौथ्या-पाचव्या दिवशी सुटलेलं असायला हवं होतं. त्या वेळी तुमच्या रक्तात बीटा एचसीजी हजारांत असणार, आणि तुम्हाला चांगलं अंगावरूनही जात होतं. तेव्हा ते शक्यच नाही. अगदी लवकरात लवकर, आठव्या दिवशी बीज सुटलेल्या बाईलासुद्धा पाळी विसाव्या दिवसाच्या आधी येणार नाही. सर्वसाधारणपणे ती चार ते आठ आठवड्यांनी येते, बहुतेकींना पाचव्या-सहाव्या आठवड्यात. म्हणजे आधी बीज सुटतं आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी पाळी दिसते. सासूबाई म्हणतात तसं पाळीची वाट बघून मग काळजी घ्यायची असं कोणी ठरवलं, तर मधल्या दोन आठवड्यांत दिवस राहून पाळी न येताच पुढची गर्भावस्था सुरू होते. अशा बायका ओपीडीत येतात आणि सांगतात, मॅडम, अबॉर्शननंतर पाळी आलीच नाही, अजून काही राहिलं असेल का. युरीन टेस्ट केली की नवा गर्भ निघतो.

मग १७व्या दिवसाचं काय होतं? तीन शक्यता आहेत.

पहिली आणि नेहमीची अशी. गर्भाबरोबर पिशवीचं आतलं जाड झालेलं अस्तर सगळं एकदम पडत नाही. त्याचे पातळ तुकडे चिकटून राहतात आणि नंतर सुटतात. सुटताना दोन-चार दिवस पुन्हा लाल जातं. थांबलेलं ब्लीडिंग पुन्हा सुरू होणं यात वेगळं काही नाही. जास्त चाललं, उभं राहिलं, जिने चढले, की त्या दिवशी थोडं वाढतंही.

दुसरी शक्यता, बीज सुटण्याच्या सुमारास होणारे डाग. इस्ट्रोजेनची पातळी त्या वेळी क्षणभर खाली येते, त्यामुळे काही जणींना एक-दोन दिवस डाग लागतात. तुमच्या १७व्या-१८व्या दिवसाला हे लागू होऊ शकतं. तसं असेल तर ज्याला तुम्ही पाळी समजत होतात, ते खरं म्हणजे दिवस राहण्याच्या काळाचं लक्षण ठरलं.

तिसरी शक्यता तुमच्या औषधांच्या पाकिटात शोधा. आपल्याकडे अंगावरून जास्त जातंय म्हटलं की नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या, दिवसातून दोन-तीनदा, पाच-सहा दिवस देण्याची बरीच सवय आहे. त्या घेतल्या की ब्लीडिंग थांबतं आणि बंद केल्या की दोन ते चार दिवसांत पुन्हा सुरू होतं. हे हार्मोन काढून घेतल्यामुळे येणारं ब्लीडिंग. पाळीसारखंच दिसतं, पण त्याच्या आधी बीज सुटलेलं नसतं. तुमच्या बाराव्या दिवसाच्या आसपास अशा गोळ्या चालू होत्या का, ते बघा. असतील तर कोडं तिथेच सुटलं. ट्रानेक्सॅमिक अॅसिडची गोळी वेगळी, ती रक्ताचा जोर कमी करते पण हार्मोन नाही. गरज नसताना नॉरएथिस्टेरॉन देणं मला स्वतःला आवडत नाही. ब्लीडिंग तात्पुरतं आटोक्यात आल्यासारखं वाटतं, पण पिशवीत खरंच काही राहिलं असेल तर ते चार दिवस झाकलं जातं आणि तारखांचा गोंधळ होतो.

मधल्या काळात किती जाणं चालतं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढे वाचणाऱ्या कोणालाही ते लागेल. गोळ्यांनी झालेल्या गर्भपातात मिसोप्रोस्टॉल, म्हणजे पिशवी आकुंचन पावून गर्भ पडावा म्हणून देतात ती गोळी, घेतल्यावर दोन ते सहा तासांत जोर सर्वात जास्त असतो. पाळीपेक्षा बरंच जास्त जातं, कळा येतात, गाठी पडतात. गर्भ पडून गेला की त्याच दिवशी जोर ओसरतो. पुढे पाळीसारखं, मग कमी, मग तपकिरी, मग नुसते डाग, असं एकूण नऊ ते सोळा दिवस चालणं अगदी नेहमीचं. काही थोड्या जणींना डाग महिनाभरही लागतात. सक्शनने, म्हणजे हातपंपाने पिशवी रिकामी केली असेल तर मात्र फार कमी जातं, कधी पहिले दोन दिवस जवळजवळ काहीच नाही आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी थोडं सुरू होतं. त्यामुळे शेजारणीला चार दिवसांत थांबलं आणि मला बारा दिवस गेलं, या तुलनेला अर्थ नाही. ती सक्शनने मोकळी झाली असेल, तुम्ही गोळ्यांनी.

मी बघते ते दिवसांचा आकडा नाही, उतार बघते. अधूनमधून वाढलं तरी एकूण कमी कमी होत गेलं, तर शरीर आपलं काम करतंय. आठवड्याने पुन्हा जोर वाढत चालला आणि ओसरतच नाही, तर सोनोग्राफी करून बघावं लागतं. इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. दोन आठवड्यांच्या सोनोग्राफीत अस्तर जाड दिसणं किंवा आत थोडं रक्त साठलेलं दिसणं हे गोळ्यांनंतर फार वेळा दिसतं. रिपोर्टवर अवशेष असा शब्द आला की नातेवाईक घाबरतात आणि क्युरेटिंग करून टाका म्हणतात. बाईला ताप नाही, वास नाही, पोटात दुखत नाही, ब्लीडिंग उतरत चाललंय, तर केवळ मिलिमीटरच्या आकड्यावरून पिशवी खरवडायला मी जात नाही. पुढची पाळी येते तेव्हा ते आपसूक निघून जातं. तुमच्या सोनोग्राफीत पिशवी स्वच्छ निघाली, तेव्हा तुम्हाला हा प्रश्नच नाही. आणि घाण बाहेर पडायला हवी म्हणून गरम काढे, पपई, जास्तीचे तीळगूळ वगैरे कोणी सुचवलं तर ऐकू नका. राहिलेलं रक्त घाण नसतं आणि काढ्याने पिशवी साफ होत नाही.

दवाखाना गाठायचा कधी, तेही लिहून ठेवा. एका तासात दोन मोठे पॅड पूर्ण भिजले आणि पुढच्या तासातही तसंच झालं, तर थांबू नका. लिंबाएवढ्या गाठी सतत पडू लागल्या, उठल्यावर अंधारी आली, चक्कर आली, तरी जायचं. मिसोप्रोस्टॉल घेतलेल्या दिवशी थंडी वाजून ताप येणं हा त्या गोळीचा परिणाम असतो, पण त्यानंतर चोवीस तास उलटूनही ताप १००.४च्या वर असेल, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येत असेल, ओटीपोट दुखत असेल, तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी दाखवायचं. एका बाजूला तीव्र दुखणं आणि खांद्यात कळ जाणं हे गर्भ नळीत असल्याचं लक्षण असू शकतं. गोळ्यांच्या आधी ज्यांनी सोनोग्राफी केलीच नव्हती, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवा. परस्पर मेडिकलमधून एमटीपी किट, म्हणजे गर्भपाताच्या गोळ्यांचं पाकीट, आणून घेणाऱ्यांना हाच धोका असतो. गोळीने नळीतला गर्भ पडत नाही, थोडं अंगावरून जातं आणि बाई समजते झालं. कायद्याने ही गोळी नऊ आठवड्यांपर्यंत आणि नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देता येते, त्यामागे हेही कारण आहे.

आता पट्टीकडे वळू. ओव्ह्युलेशनच्या पट्टीवर दोन रेषा येणं म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे. ही गर्भधारणेच्या टेस्टसारखी वाचायची नसते. ही पट्टी एलएच हे बीज सुटण्याआधी वाढणारं हार्मोन पकडते. ते शरीरात कायम थोडं असतं, त्यामुळे दुसरी रेष रोज फिकट दिसणारच. टेस्टची रेष कंट्रोलच्या रेषेइतकी गडद किंवा जास्त गडद झाली तरच पट्टी पॉझिटिव्ह, आणि मग साधारण एक-दीड दिवसात बीज सुटायचं असतं. दुसरं म्हणजे एलएच आणि बीटा एचसीजी यांची रचना इतकी जवळची आहे की उरलेलं गर्भाचं हार्मोन ही पट्टी एलएच समजून दाखवू शकते. म्हणून गर्भपातानंतर युरीनची प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह येईपर्यंत ओव्ह्युलेशनच्या पट्टीवर पैसे घालवू नका. ज्यांना पीसीओडी आहे त्यांच्यात एलएच मुळातच जास्त असतं, त्यांना ती नंतरही फसवते.

यावरून तुमचं आजचं काम ठरतं. इमर्जन्सी गोळी घेताना एक साधी प्रेग्नन्सी टेस्टही आणा आणि उद्या सकाळच्या लघवीवर करा. परवाच्या संबंधातून गर्भ राहिला असता तरी तो दोन-तीन दिवसांत टेस्टमध्ये दिसत नाही. मधल्या काळात याशिवाय संबंध आलेला नसेल, तर उद्याची रेष आली तरी ती जुन्या गर्भाचीच असणार. तुमच्यासाठी ही टेस्ट म्हणजे पुढच्या हिशोबाची सुरुवात. निगेटिव्ह आली तर उत्तम, जुनं हार्मोन उतरलं. फिकट पॉझिटिव्ह आली तर प्रयोगशाळेत बीटा एचसीजी करा आणि ४८ तासांनी त्याच प्रयोगशाळेत पुन्हा करा. दुसरा आकडा ठळकपणे कमी आला की आठवड्याने अजून एकदा बघून ते पाचच्या खाली गेल्याची खात्री करून सोडून द्यायचं. आकडा तिथेच अडकला किंवा वाढला तर मात्र डॉक्टरांकडे रिपोर्ट न्या. पिशवीत किंवा नळीत काही राहिलंय का आणि द्राक्षगर्भाचा, म्हणजे गर्भाऐवजी वारेच्या पेशी द्राक्षांच्या घडासारख्या वाढण्याचा, प्रकार तर नाही ना, हे तपासावं लागतं. द्राक्षगर्भ असेल तर हार्मोन पूर्ण उतरल्यावरही काही महिने लक्ष ठेवायचं असतं आणि तोवर दिवस राहू द्यायचे नसतात. ठोके न आलेल्या गर्भात हा प्रकार क्वचितच निघतो, म्हणून घाबरू नका. फक्त उतरत नसलेला आकडा दुर्लक्षित करू नका.

तारखा मांडूनच सांगते. ४ तारीख पहिला दिवस धरा, कारण जास्त ब्लीडिंग झालं त्या दिवसापासून हे चक्र मोजतात. १७वा दिवस २० तारीख, आज २७. बीज नेहमीप्रमाणे एकविसाव्या दिवशी सुटलं असेल तर ती २४ तारीख, म्हणजे परवाच्या संबंधाच्या आदल्या दिवशी. बीज चोवीस तासांपर्यंत जिवंत असतं. अजून सुटलंच नसेल तर शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत तग धरतात. कसंही मोजा, परवाचा दिवस संशयाचाच आहे. इमर्जन्सी गोळी बीज सुटणं लांबवते. बीज सुटून गेलेलं असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही, म्हणूनच मला कॉपर-टी पटते. ती शुक्रजंतूंना निकामी करते, त्यामुळे बीज सुटलेलं असो वा नसो, काम करते, आणि मग पुढची काही वर्षं विचारच नको. पंचवीस तारखेच्या संबंधानंतर पाच दिवस म्हणजे तीस तारखेपर्यंत बसवली तर दोन्ही कामं होतात. सरकारी रुग्णालयात मोफत बसवतात, ३८०ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. ताप, वास, ओटीपोटात दुखणं यातलं काही नाही आणि पिशवी स्वच्छ आहे, तेव्हा अडचण नाही. पहिल्या तीन-चार पाळ्या जास्त जातात हे मात्र आधीच सांगून ठेवते. तुमचं हिमोग्लोबिन बारा दिवसांच्या ब्लीडिंगनंतर तपासलेलं नसेल तर त्याच वेळी तपासा. ते कमी असेल तर कॉपर-टीचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या आणि लोहाच्या गोळ्या सुरू करा.

वर्ष-दीड वर्षातच मूल हवं असेल आणि कॉपर-टी नको वाटत असेल, तर रोज घ्यायच्या नियमित गर्भनिरोधक गोळ्या आहेत. गर्भपाताच्या दिवशी किंवा त्याच आठवड्यात सुरू केल्या असत्या तर पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळालं असतं. आता सुरू केल्या तर पहिले सात दिवस निरोधही वापरावा लागेल. इमर्जन्सी गोळीनंतर त्या लगेच सुरू करता येतात. त्यातली माला-एन मोफत मिळते. हार्मोन नको असेल तर सरकारी कार्यक्रमातली छाया गोळी आहे. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. तिच्यामुळे पाळी लांबू शकते, तेव्हा पाळी चुकली की आधी टेस्ट करायची. अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घेतात, पण त्याने अधूनमधून डाग लागत राहतात. गर्भपातानंतरच्या डागांत ते मिसळले की काय चाललंय ते तुम्हालाही कळत नाही आणि मलाही. ज्यांना तारखांची काळजी वाटते त्यांना मी ते पहिली पाळी येऊन गेल्यावरच सुचवते. आणि हे सगळं ठरेपर्यंत निरोध वापरा. गर्भपातानंतर पहिले दोन आठवडे, किंवा लाल जाणं थांबेपर्यंत, संबंध टाळायला सांगतात ते जंतुसंसर्गाच्या भीतीने. तो काळ तुमचा उलटून गेला आहे.

पहिली पाळी कशी येईल? इमर्जन्सी गोळी नाही घेतली तर एकविसाव्या दिवसाच्या हिशोबाने पुढच्या महिन्याच्या ७-८ तारखेला. गोळी घेतल्यावर ती आठवडाभर अलीकडे-पलीकडे होऊ शकते आणि मध्ये थोडे डागही लागू शकतात. ती नेहमीपेक्षा जास्त जाईल, थोड्या गाठी पडतील, पोट जास्त दुखेल आणि एखादा दिवस लांबेल, असं धरून चला. अस्तर जाड झालेलं असतं आणि काही जणींत त्या पहिल्या चक्रात बीजच सुटलेलं नसतं, तेव्हा अस्तर वेडंवाकडं पडतं. काही जणींना उलट फार कमी जातं. दोन्ही चालतं. दुसऱ्या-तिसऱ्या पाळीपासून तुमचं आधीचं वेळापत्रक परत येतं. आधीच दीड-दोन महिन्यांनी येणारी पाळी असेल तर ती आताही तशीच राहणार, गर्भपाताने ती नियमित होत नाही. नियमित गोळ्या सुरू केल्या असतील तर पाकीट संपल्यावर येणारं ब्लीडिंग ही गोळ्यांची पाळी असते, त्यावरून बीज सुटायला लागलं की नाही हे सांगता येत नाही.

पाळी आली नाही तर? पुढच्या महिन्याच्या १६ तारखेनंतर, म्हणजे परवाच्या संबंधाला तीन आठवडे झाल्यावर, टेस्ट करा, मध्ये डाग लागले असले तरी. त्या वेळी ती पॉझिटिव्ह आली आणि उद्याची निगेटिव्ह असेल, तर ती नवीन गर्भाचीच. निगेटिव्ह असेल तर अजून थोडी वाट बघा. आठ आठवडे उलटले, म्हणजे पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पाळी नाहीच आली, तर दाखवायला जा. टेस्ट पुन्हा केल्यावर थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन हे दुधाचं हार्मोन तपासतात. तुमचं क्युरेटिंग झालेलं नाही म्हणून एक कारण मी जवळपास बाजूला ठेवते. ज्यांची पिशवी खरवडली गेली आहे, विशेषतः एकाहून जास्त वेळा, त्यांच्यात आतल्या भिंती एकमेकींना चिकटून बसू शकतात. दर महिन्याला पोटात पाळीसारखं दुखतं, पण अंगावरून काहीच जात नाही किंवा नुसता डाग लागतो, हे त्याचं लक्षण. त्याला दुर्बिणीने पिशवी आतून बघावी लागते आणि चिकटलेलं सोडवता येतं. नुसत्या पाळी आणायच्या गोळ्या वर्षभर खात बसणं हा त्यावर उपाय नाही.

पुढे कधी मूल हवं असं ठरलं तर एक पाळी येऊन गेल्यावर प्रयत्न सुरू करा, असं मी सांगते. पिशवीला विश्रांती हवी म्हणून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने पूर्वी सहा महिने थांबायला सांगितलं होतं, पण त्याआधी दिवस राहिले तर वाईट परिणाम होतो असं नंतरच्या अभ्यासांतून दिसलेलं नाही. पाळीची वाट बघायची ती मुख्यतः तारखेसाठी, गर्भाचं वय मोजायला शेवटच्या पाळीची तारीख मिळावी म्हणून. पाळीच्या आधीच दिवस राहिले तरी बिघडत नाही, फक्त त्या वेळी ४ तारीख ही शेवटच्या पाळीची तारीख म्हणून डॉक्टरांना सांगू नका. गर्भपाताची तारीख आहे असं स्पष्ट सांगा, आणि सात-आठ आठवड्यांच्या सुमारास लवकरची सोनोग्राफी करून गर्भाचं वय त्यावरून ठरवून घ्या. फॉलिक अॅसिड मात्र प्रयत्न सुरू करायच्या आधी किमान एक महिना चालू असायला हवं.